कुप्या किती, याआधी पहिली कधी

*गेल्या जुलैत लावणीच्या दिवसांत संध्याकाळी साडेसहाला बांधावरून परतताना माझ्या धाकट्या भावाला घोणस चावली. प्राथमिक आरोग्य केंद्र आमच्यापासून ७ किलोमीटरवर आहे, पण तिथे सर्पदंशाच्या १०च कुप्या असतात हे ठाऊक असल्यामुळे बाबांनी गाडी थेट जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे वळवली. पाऊस आणि घाट यांत पोहोचायला पावणेदहा वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तीन वेळा मिळून ३० कुप्या दिल्या. भाऊ वाचला, पण किडनी बंद पडून सहा वेळा डायलिसिस करावे लागले. आता तो पुन्हा शेतात जातो. बाबा म्हणतात, ३० कुप्या मिळाल्या म्हणून पोर हाती लागले. मला मात्र वाटत राहते की त्या ७ किलोमीटरवर थांबलो असतो तर? आता गावातली मुले वर्गणी काढून २० कुप्या विकत घेऊन गावातच ठेवायच्या म्हणत आहेत आणि बाबांचा त्यांना पाठिंबा आहे. मी त्यांना काय सांगू?*
*— एक बहीण, दक्षिण कोकण*

प्रिय भगिनी,

तुमच्या वडिलांच्या म्हणण्यात आणि गावातल्या मुलांच्या बेतात एकच समजूत दडलेली आहे. ताप जसा गोळीने उतरतो तसे विष औषधाने उतरते, आणि विष जास्त असेल तर औषधही जास्त लागते, ही ती समजूत. ती पूर्णपणे चुकीची नाही. पण ती अर्धीच असल्यामुळे तिच्या भरवशावर घेतलेला निर्णय चुकतो. वर्तमानपत्रेही या औषधाला सर्रास ‘सर्पदंशाची लस’ म्हणतात आणि गोंधळ वाढवतात. लस आपल्या शरीराला प्रतिपिंडे तयार करायला शिकवते आणि त्याला काही आठवडे लागतात. इथे तेवढी सवड नसते, म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी शरीराने आधीच तयार करून ठेवलेली प्रतिपिंडे आपण उसनी घेतो. तो दुसरा कुणी म्हणजे घोडा.

भारतात मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर चालते. या विषांचे अगदी लहान आणि हळूहळू वाढवत नेलेले डोस घोड्याला महिनोन्‌महिने दिले जातात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे पुरेशी झाली की रक्त काढून त्यातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा करतात. प्रतिपिंडाचा आकार साधारण बेचकीसारखा असतो: खाली दांडा आणि वर दोन फांद्या. विष पकडण्याचे काम फांद्यांची टोके करतात. दांडा त्या कामाचा नसतो, उलट माणसाच्या शरीरात तो उपद्रव करू शकतो, म्हणून पेप्सीन या पाचक द्रव्याने तो कापून टाकला जातो आणि उरलेल्या फांद्या शुद्ध करून, बहुतेक वेळा गोठवून सुकवून, कुपीत भरल्या जातात.

ही फांदी विषाचे नेमके काय करते, हे समजले की तुमच्या बऱ्याच प्रश्नांचा गुंता सुटतो. ती विष जाळत नाही, विरघळवत नाही आणि त्याचे तुकडेही करत नाही. विषातल्या एखाद्या प्रथिनाच्या पृष्ठभागावर तिच्या टोकाला बरोबर बसेल असा खाचखळगा असतो. तिथे ती घट्ट चिकटते. विषाच्या प्रथिनाचा काम करणारा भाग त्यामुळे झाकला जातो, किंवा समोर आडवे आलेले प्रतिपिंड त्याला त्याच्या लक्ष्यापर्यंत पोहोचू देत नाही. कोयत्यावर म्यान चढवावे तसे हे आहे. कोयता जागेवरच असतो, पण कापत नाही. मग ही जोडगोळी यथावकाश शरीराकडून उचलून टाकली जाते. म्यान चढवल्याने पुढची कापाकापी थांबते. आधी कापलेले जोडले जात नाही.

आता मात्रेचा हिशेब. भारतीय प्रतिसर्पविषाच्या कुपीवर लिहिलेले असते की दर मिलिलिटर द्रव घोणस आणि नाग यांचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार व फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो. कुपी १० मिलिलिटरची, म्हणजे एक कुपी घोणशीचे ६ मिलिग्रॅम विष बांधते. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते असे मोजमाप आहे; प्रत्यक्षात ते ५ मिलिग्रॅमपासून जवळजवळ १५० मिलिग्रॅमपर्यंत कितीही असू शकते. १० कुप्यांनी ६० मिलिग्रॅम विष बांधले जाते. पहिला डोस ८ ते १० कुप्यांचा का ठरला, हे या साध्या गुणाकारात आहे. तुमच्या आरोग्य केंद्रात असणाऱ्या १० कुप्या म्हणजे ‘थोडेसे औषध’ नव्हेत. तो एका माणसाचा पूर्ण पहिला डोस आहे. तुमच्या घरच्या निर्णयातला सर्वांत मोठा गैरसमज, माझ्या मते, हाच होता.

पण कुपीवरचा ०.६ हा आकडा कुठून येतो, हेही पाहायला हवे, कारण तुमच्या प्रश्नाचे मर्म तिथे आहे. प्रयोगशाळेत विष आणि प्रतिसर्पविष एका नळीत आधी एकत्र करतात, ते मिश्रण शरीराच्या तापमानाला सुमारे अर्धा तास ठेवतात आणि मग उंदरांना टोचतात. उंदीर जगले तर तेवढे विष निष्प्रभ झाले असे धरतात. म्हणजे या चाचणीत विष उंदराच्या अंगात शिरण्याआधीच त्याच्यावर म्यान चढलेले असते. तो आकडा शून्य उशिराचा आहे. शेताच्या बांधावर मात्र विष आधी शिरते आणि प्रतिपिंड मागाहून धावते. मधल्या वेळात जेवढे विष आपले काम उरकते तेवढ्यापुरता कुपीवरचा आकडा निरर्थक होतो, आणि कुप्यांची संख्या वाढवून तो वेळ भरून काढता येत नाही.

तुमच्या भावाची ती संध्याकाळ या दृष्टीने पाहू. मी त्याला तपासलेले नाही, तेव्हा हे सारे तुमच्या पत्रातल्या वेळांवर आणि घोणशीच्या विषाच्या नेहमीच्या वागण्यावर बेतलेले आहे. साडेसहाला पायात विष शिरले. त्यातला काही भाग लसिकावाहिन्यांतून आणि बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तात गेला, काही दंशाच्या जागी साठून राहिला. घोणशीच्या विषात रक्त गोठवण्याच्या यंत्रणेला चिथावणी देणारी दोन विकरे असतात. रक्तात गोठण्याचे घटक शांतपणे फिरत असतात आणि एरवी जखम झाली तरच जागे होतात. त्यांपैकी दहाव्या आणि पाचव्या क्रमांकाचे घटक ही विकरे विनाकारण जागे करतात. विकर स्वतः खर्ची पडत नाही. एक घटक जागा करून ते दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे जाते. त्यामुळे थोडे विषही, मोकळे फिरत राहिले तर, शरीरभरचे गोठण्याचे सामान संपवून टाकते. दंश झाल्यावर हे बहुधा पहिल्या काही तासांतच घडते. गंमत, किंवा दुर्दैव, असे की रक्त आधी नको तिथे बारीक गोठू पाहते आणि मग त्याच कारणाने ते कुठेच गोठेनासे होते.

पावणेदहाला रुग्णालयात पोहोचल्यावर तुमच्या भावाचे रक्त काचेच्या नळीत घेऊन बाजूला ठेवलेले तुम्ही कदाचित पाहिले असेल. ती वीस मिनिटांची चाचणी. शिरेतले ताजे २ मिलिलिटर रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही आणि मग ती एकदाच तिरपी करायची. गुठळी झालेली असेल तर रक्त जागचे हलत नाही. नसेल तर पाण्यासारखे ओघळते. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही आणि चाचणी फसवते. मी ग्रामीण रुग्णालयात असताना एका पावसाळी रात्री तीन रुग्णांचे रक्त लागोपाठ गोठेना, म्हणून मी स्वतःचे रक्त त्याच नळ्यांत घेऊन पाहिले. तेही गोठले नाही. नळ्या धुऊन परत वापरलेल्या होत्या.

पहिल्या १० कुप्या गेल्यावर मोकळे विष बांधले गेले, पण नळीतले रक्त लगेच गोठू लागले नसणार, आणि नातेवाइकांचा जीव टांगणीला लागतो तो इथेच. तासाभराने चाचणी परत केली, रक्त तसेच पातळ, म्हणजे औषध कमी पडले, आणखी कुप्या आणा, असा आग्रह मी असंख्य वेळा ऐकलेला आहे. प्रतिपिंडे गोठण्याचे घटक तयार करत नाहीत. ते काम यकृताचे आहे आणि पुरेसा साठा पुन्हा तयार करायला त्याला साधारण सहा तास लागतात. म्हणून पुढची चाचणी सहा तासांनी करायची. तेव्हाही रक्त गोठले नाही, तर त्याचा अर्थ असा की कुठेतरी मोकळे विष अजून आहे आणि यकृत बनवेल तेवढे ते संपवत आहे. बहुधा दंशाच्या जागी साठलेले विष झिरपत असते. मग दुसरा डोस द्यायचा. तुमच्या भावाच्या ३० कुप्या म्हणजे रात्री दहा, पहाटे चार आणि सकाळी दहाच्या सुमारास दिलेले असे तीन डोस असावेत. ते देणाऱ्या डॉक्टरांनी योग्यच केले. पण बाबांना सांगा, त्या तीसांतल्या पहिल्या दहांनी सर्वांत मोठे काम केले, आणि नेमक्या तेवढ्या १० कुप्या ७ किलोमीटरवर होत्या.

किडनीचे काय? घोणशीच्या विषाने तिच्यावर अनेक बाजूंनी घाला येतो. रक्तदाब घसरतो, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या अडकतात, फुटलेल्या रक्तपेशींचा आणि दुखावलेल्या स्नायूंचा मळ गाळण्यांत साचतो आणि विषाचा थेट परिणामही होतो. किडनीच्या नलिकांच्या पेशी एकदा मेल्या की कितीही प्रतिपिंडे ओतली तरी त्या जिवंत होत नाहीत. नलिकांपुरतेच नुकसान असेल तर त्या काही आठवड्यांत नव्याने उगवतात, आणि तोवर डायलिसिस शरीर सांभाळते. तुमचा भाऊ परत शेतात जातो आहे, यावरून त्याच्या बाबतीत असेच झाले असावे.

तेव्हा ‘थांबलो असतो तर’ या तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे: पावणेसातला निघून सातपर्यंत आरोग्य केंद्र गाठले असते, लक्षणे दिसताच सलाईनमधून पहिला डोस सुरू झाला असता, तर आठ-साडेआठपर्यंत रक्तातल्या बहुतेक मोकळ्या विषावर म्यान चढले असते. प्रत्यक्षात ते अकराच्या सुमारास चढले. त्या अडीच-तीन तासांत किडनीवर जो घाव पडला तो पूर्ण टळला असता असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण दंशात विष किती गेले हे आपल्याला माहीत नाही आणि लवकर औषध मिळूनही किडनी बिघडलेले रुग्ण मी पाहिलेले आहेत. घाव हलका होण्याची शक्यता मात्र निश्चितच जास्त होती. घाटात, पावसात, अंधारात वडिलांनी जो निर्णय घेतला तो त्यांना जे ठाऊक होते त्यावर घेतला. ठाऊक होते ते अपुरे होते, एवढेच.

इथे एक इशारा द्यायला हवा, नाहीतर माझे म्हणणे उलट्या टोकाला नेले जाईल. वेळ मात्रेपेक्षा महत्त्वाची याचा अर्थ मात्रा कितीही चालेल असा नाही. काही ठिकाणी दोन कुप्या ‘तात्पुरत्या’ देऊन रुग्णाला पुढे पाठवतात. दोन कुप्या म्हणजे घोणशीचे १२ मिलिग्रॅम विष. दंशात ६० मिलिग्रॅम असेल तर उरलेले ४८ रुग्णवाहिकेत बसून काम करत राहते. पहिला डोस पूर्णच हवा, आणि मुलांनाही तेवढाच हवा. मूल लहान म्हणून साप कमी विष सोडत नाही. आपण मुलाच्या वजनाला नव्हे, सापाच्या विषाला औषध देतो. उलट, पुरेसा डोस गेल्यावर त्यावर आणखी ओतण्याने काही साधत नाही. भारतात कमी आणि जास्त मात्रांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत जास्त मात्रेचा ठळक फायदा दिसलेला नाही. बांधायला विषच उरले नसेल तर फांद्या रिकाम्या हिंडतात, आणि घोड्याचे प्रथिन वाढल्यामुळे आठवड्याभराने अंगावर पित्त, ताप आणि सांधेदुखी उद्भवण्याची शक्यता तेवढी वाढते.

वेळेचा मुद्दा सर्वांत निष्ठुरपणे दिसतो तो मण्यारीच्या दंशात. मण्यार रात्री, बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना जवळपास नसते आणि पहाटे पोटात दुखते तेव्हा लोकांना अपचन वाटते. तिच्या विषातले बंगारोटॉक्सिन नसेच्या टोकाला चिकटते आणि जिथून स्नायूला संदेश जातो ते टोकच आतून उद्ध्वस्त करते. विष रक्तात असेतो प्रतिपिंड त्याला पकडू शकते. ते नसेच्या टोकात शिरले की तिथे प्रतिपिंडाला वाव नाही. मग पापण्या मिटतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो, आणि नसेची टोके नव्याने तयार होईपर्यंत, कधी काही दिवस तर कधी काही आठवडे, कृत्रिम श्वास हाच आधार उरतो. अशा रुग्णाला पापण्या उघडत नाहीत म्हणून कुप्यांवर कुप्या देणे म्हणजे पूर ओसरल्यावर बांध घालणे. नागाचे विष तुलनेने दयाळू. त्याची नसांवर चालणारी प्रथिने स्नायूच्या बाहेरच्या बाजूला चिकटतात आणि ती सुटण्याची आशा असते. पण नागाच्या दंशाभोवतीचे मांस सडू लागले की ते मात्र कोणतेही प्रतिपिंड परत आणत नाही.

‘लवकर’ या शब्दाचाही नेमका अर्थ सांगतो. साप चावला की लक्षणे नसतानाही इंजेक्शन टोचा, असा तो नाही. अनेक दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो. अशा माणसाला घोड्याची प्रथिने देणे हा फुकटचा धोका आहे. लवकर पोहोचायचे आणि डॉक्टरांच्या नजरेखाली राहायचे. पहिली चाचणी चांगली आली तरी पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने आणि नंतर दर तासाने ती परत करायची असते. निदान २४ तास घरी जायचे नसते. रक्त गोठेनासे झाले, पापण्या जड झाल्या, हिरड्यांतून रक्त येऊ लागले किंवा सूज झपाट्याने वर चढू लागली की त्या क्षणी डोस सुरू व्हायला हवा. घड्याळ महत्त्वाचे ते या दोन टप्प्यांवर: दंशापासून दवाखान्यापर्यंत आणि पहिल्या लक्षणापासून पहिल्या कुपीपर्यंत.

आता गावात ठेवायच्या २० कुप्या. माझे स्पष्ट मत विरोधात आहे. सुकवलेली पावडर थंड, कोरड्या जागी फ्रिजशिवायही टिकते, हे मुलांनी कुठेतरी वाचले असेल आणि ते खरेच आहे. अडचण साठवणुकीची नाही, देण्याची आहे. हे औषध दंडात किंवा कमरेत टोचून उपयोग नाही. तिथून ते रक्तात फार सावकाश चढते, आणि रक्त गोठत नसलेल्या माणसाच्या स्नायूत सुई घातली तर आत मोठी गाठ धरते. ते शिरेतूनच जायला हवे. पावडरीत पाणी घातल्यावर कुपी हलवायची नसते, फेस येतो. ती दोन तळव्यांमध्ये धरून हळूहळू फिरवत राहावी लागते. दहा कुप्या विरघळवताना दोन परिचारिकांचे हात गुंतून पडतात. मग ते सगळे सलाईनमध्ये घालून साधारण तासाभरात द्यायचे.

आणि खरी भीती त्यापुढची आहे. हे घोड्याचे प्रथिन असल्यामुळे डोस सुरू झाल्यावर काही मिनिटांत अंगाला खाज सुटू शकते, ओठ सुजतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. कुणाला असे होईल हे आधी सांगता येत नाही; त्वचेवर चाचणी करूनही कळत नाही, म्हणून ती आता करत नाहीत. अशा वेळी औषध थांबवून मांडीत ॲड्रेनलिन द्यावे लागते, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, आणि ते एका मिनिटाच्या आत हाताशी असावे लागते. बहुतेक रुग्ण त्यातून सावरतात आणि सलाईन परत सुरू करता येते. पण हे सारे मंदिराच्या ओसरीवर, विजेरीच्या उजेडात, कंपाउंडरच्या हातून करायचे म्हटले तर सापाऐवजी औषधाने माणूस जाईल. शिवाय त्या कुप्या कुणाच्या तरी कपाटात मुदत संपेपर्यंत पडून राहतील आणि तेवढ्या एखाद्या आरोग्य केंद्रात कमी पडतील.

जमलेल्या वर्गणीचा त्याहून चांगला उपयोग आहे. आग्नेय नेपाळमधल्या काही खेड्यांत दंश झालेल्या माणसाला गावातल्याच स्वयंसेवकांनी मोटारसायकलवर, चालक आणि मागे बसलेला आधार देणारा यांच्यामध्ये बसवून, ताबडतोब उपचार केंद्रात न्यायचे, अशी व्यवस्था बसवली गेली आणि जोडीला लोकांना माहिती दिली गेली. दंश झालेल्यांतले मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आले. नवे औषध काही आणले नव्हते. तुमच्या गावात मोटारसायकली आहेत, मुले आहेत आणि उत्साहही आहे. पावसाळ्यापुरती रात्रीची पाळी लावा, दोन नावे आणि दोन फोन नंबर प्रत्येक वाडीत भिंतीवर लिहा. १०८ ला फोन करावाच, पण रुग्णवाहिका दूर असेल तर तिची वाट पाहत बसू नये. उरलेल्या पैशांत विजेऱ्या आणि गमबूट घ्या. घोणस बहुधा घोट्याखाली चावते.

निघण्यापूर्वीचे काम पाच मिनिटांचे आहे. अंगठ्या, पैंजण, करगोटा काढायचा, चावलेला पाय काठी किंवा छत्री लावून मोडलेल्या हाडासारखा बांधून स्थिर करायचा, आणि दंशाची वेळ कागदावर लिहायची. आवळून दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, साप मारायला किंवा पकडायला मागे राहू नये. औषध चौघांसाठी एकच असल्यामुळे साप दाखवण्याची निकड नसते, लांबून फोटो मिळाला तर पुरे. कोकणात मात्र एक मर्यादा लक्षात ठेवावी. सह्याद्रीतल्या चापड्यांवर हे प्रतिसर्पविष लागू पडत नाही, आणि दक्षिणेत गोळा केलेल्या विषावर तयार झालेले औषध सगळीकडच्या सापांवर सारख्याच जोमाने चालेल असेही नाही. चापड्याचा दंश बहुधा जिवावर बेतत नाही, पण तो कुप्यांनी आटोक्यात येत नाही म्हणून डॉक्टर हात आखडता घेतात, तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालू नये.

पुढच्या वेळी जवळचे केंद्र की दूरचे रुग्णालय, याचे उत्तर पावसाळ्याआधी एकदा आरोग्य केंद्रात जाऊन मिळवावे लागेल. दंशाच्या रात्री ते शोधता येत नाही. १० कुप्या प्रत्यक्ष शिल्लक आहेत का आणि त्यांची मुदत कधी संपते, ॲड्रेनलिन आणि कोऱ्या काचेच्या नळ्या आहेत का, रात्री डॉक्टर मुक्कामाला असतात का, आणि यापूर्वी त्यांनी तिथे हा डोस दिलेला आहे का, एवढे विचारा. उत्तरे होकारार्थी असतील तर आधी तिथेच जायचे, पहिला डोस तिथे सुरू करायचा, आणि सलाईन चालू असतानाच, बरोबर परिचारिका घेऊन, जिल्ह्याकडे निघायचे. डायलिसिस, कृत्रिम श्वास आणि दुसरा-तिसरा डोस यांसाठी मोठे रुग्णालय लागतेच; तिथे तुमच्या वडिलांचे म्हणणे बरोबर आहे. रात्री डॉक्टरच नसतात असे कळले, तर मात्र वाटेतले पुढचे ग्रामीण रुग्णालय कोणते आणि तिथला फोन नंबर काय, हे लिहून ठेवा, आणि त्या रात्री निघतानाच फोन करा, म्हणजे तुम्ही पोहोचेपर्यंत कुप्या विरघळवायला घेता येतील.

भावाबद्दल शेवटचे. डायलिसिस सुटले तरी त्याचे क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिने आणि रक्तदाब वर्षातून दोनदा तपासून घ्या, आणि कंबर धरली म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून देऊ नका; दुखावलेल्या किडनीला त्या सोसत नाहीत. दुर्दैवाने परत साप चावलाच तर त्याला हे औषध पुन्हा देता येते. फक्त पूर्वी ३० कुप्या मिळाल्याचे डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून ठेवूनच सलाईन सुरू करतील. रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोटारसायकलच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.